भट्टीपाशी फेटलेली अंडी

साताऱ्यातल्या आमच्या घरी अंड्यांना स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. साठीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या नणंदेने ती न्हाणीघराजवळच्या ओट्यावर, वेगळ्या पातेल्यात फेटायला सुरुवात केली, तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवले; पण मनाई केली नाही. मुलगी वर्षभरापूर्वी विधवा होऊन सांगलीहून माहेरी परतली होती. गावातल्या मुलींच्या शाळेत पाककलेचा वर्ग सुरू व्हायचा होता. शनिवारी केक करून दाखवावा, जमला तर वर्ग तुम्हीच घ्या, असे मुख्याध्यापिकाबाईंनी तिला सांगितले होते. भावांच्या घरात आश्रित म्हणून राहायचे नसेल, तर तिला हा एवढाच मार्ग दिसत होता.

बाईंनी दिलेले पाककृतीचे पुस्तक इंग्रजीत असल्याने ते वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी पदवीधर होते, पण केक कधी केला नव्हता. चार अंडी, असे मी वाचले. तिने चार गावरान अंडी साखरेबरोबर फेटली, मैदा घातला, मिश्रण डब्यात ओतले आणि डबा पदराखाली घेऊन आम्ही बाजारातल्या बेकरीत निघालो. घरी ओव्हन नसलेल्या सगळ्यांचीच नानकटाई तिथल्या भट्टीत भाजली जाई. त्या ताटांमागे आमचा डबा बराच वेळ थांबला. बाहेर आला तो केक बोटाने दाबला तरी दबेना.

"आवं ताई, ह्यो केक हाय का वीट?" बेकरीवाले काका म्हणाले. "भिताडात बसवा, लय टिकंल."

नणंद हसली नाही. अंडी कमी पडली, असे आम्ही ठरवले. दुसऱ्या दिवशी तिने ती दुप्पट केली. दमल्यामुळे फेटली मात्र कमीच, आणि ती उणीव भरून काढायला खाण्याचा सोडा सढळ हाताने घातला. भट्टीत केक टरारून फुगला. आमचे चेहरे उजळले. पण बाहेर काढताच त्याचे मधले पोट हळूहळू खाली बसले. कापला तर आत ओलसर आणि आमलेटासारखा चिवट.

"विहीर पाडली जणू," काका डोकावून म्हणाले. "पाणी लागलं का?"

या खेपेला ती हसली. अंगणात पोचल्यावर म्हणाली, "वहिनी, निघताना डबा काठाशी आला होता. भट्टीपाशी थांबलो तर बोटभर उतरला. वर बुडबुडे फुटताना मी पाहिले."

मी पुस्तक पुन्हा उघडले. या वेळी कृतीच्या आधीची, मी वगळलेली पाने वाचली. अंड्यात फेटून कोंडलेली हवा हीच अशा केकची उभारी. भट्टीत ती फुगते, आणि अंडे व मैदा शिजून तिच्याभोवती भिंती घट्ट होतात. हवा आधीच निघून गेली तर केक दडस होतो. सोडा जास्त झाला तर भिंती घट्ट होण्यापूर्वीच फुगून फुटतात, आणि अंड्यांच्या मानाने मैदा थोडा असला तर त्या उभ्याच राहत नाहीत. पुस्तकातली अंडी मोठी होती. आमची गावरान अंडी लहान. म्हणजे ती मोजायची नव्हती, तोलायची होती.

"वन्सं, तोलू आपण," मी म्हणाले. "पण वाटेतल्या वेळाचे काय करायचे?"

उपाय दोघींनाही दिसत होता. बेकरीत चार पुरुष उघड्या अंगाने कणीक मळत असत. तिथे उभे राहून अंडी फेटायची. मी स्वतः दुकानात सुटे पैसे मागायलाही लाजणारी. तिला धीर कुठून देणार?

शनिवारी सकाळी तिनेच पातेले उचलले. काकांनी तराजू पुढे सरकवला. एका पारड्यात रिकामी वाटी ठेवून तिने आधी वाटीचे, मग तीत अंडी फोडून अंड्यांचे वजन साधले, आणि तेवढीच साखर व तेवढाच मैदा घेतला. गरम पाण्यावर पातेले धरून ती तारेच्या फेटणीने फेटू लागली. मळणारे हात थांबले.

"बगताय काय रं? तमाशा हाय व्हय?" काका ओरडले. "मळा!"

हात दुखला की फेटणी माझ्याकडे येई. पिवळे मिश्रण फिकट झाले, दाटले. फेटणी उचलली की पडलेली धार वर रेघ होऊन थांबू लागली. तिने मैदा चाळून अलगद मिसळला, डबा लगेच भट्टीत गेला.

"मधे भट्टीचे झाकण काढायचे नाही, काका."

"न्हाई काढत. बसा तुमी."

केक फुगून वरून सपाट आला, मधे जरासाही न बसता. शाळेत बाईंनी तो कापला, खाल्ला, आणखी एक तुकडा घेतला. मग विचारले, "शाळेत तर भट्टी नाही. मुलींनी वर्गात फेटून ठेवले आणि मग पाठवले तर चालेल ना?"

"नाही चालणार," नणंद म्हणाली. "बसेल तो. मुलींना मी बेकरीतच घेऊन जाईन."

बेकरीत मुली, हा विचार बाईंनाही नवा असावा. मग म्हणाल्या, "सकाळची वेळ ठेवा. गर्दी कमी असते."