आठ रुपये चौदा आण्यांची माफी

आमच्या घरी कुठलीही फी आधी माफ करून मागायची आणि नाही झाली तरच भरायची, अशी रीत होती. ही रीत बाबांची. संस्थानाच्या कचेरीत त्यांनी वीस वर्षं कारकुनी केली होती आणि लोकांचे असे शेकडो अर्ज स्वतःच्या हातानं वर सरकवले होते. कुणाचा दंड, कुणाचा उशिराचा कर. अर्ज नीट लिहिलेला असला की साहेब कोपऱ्यात ‘माफ’ असं लिहीत. बाबा म्हणत, “पूर्ण पैसे कोण भरतो? ज्याला लिहिता येत नाही तो.”

मी उज्जैनच्या इंग्रजी शाळेत शिकले तीही अशीच. दर वर्षी बाबा शाळेला अर्ज करत आणि माझी निम्मी फी माफ होई. वर्गात फीचा पुकारा व्हायचा तेव्हा माझ्या नावापुढे सिस्टर क्षणभर थांबायच्या. तो क्षण मला नकोसा वाटे. मी वर्गात कमी बोलायची ती बहुधा तेव्हापासून. घरी मात्र हे कधी सांगितलं नाही. पुढे इंग्रजी चांगलं यायला लागल्यावर ते अर्ज बाबा माझ्याकडूनच लिहून घेऊ लागले.

बाबांनी बेचाळिसाव्या वर्षी विम्याची पॉलिसी घेतली होती, दोन हजारांची. दर तीन महिन्यांनी अठ्ठावीस रुपये हप्ता. दोन वर्षं त्यांनी तो वेळेवर भरला. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि बाबांच्या कचेरीतल्या माणसांचं काय करायचं हे ठरेना. पगार कधी अर्धा मिळे, कधी दोन महिन्यांनी. सहा हप्ते चुकले आणि पॉलिसी बंद पडली. आई रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी विचारायची, “अहो, त्या विम्याचं काय?” घरात मी सतरा वर्षांची, धाकटी बहीण नऊची. स्वतःचं घर नाही, शेत नाही. बाबांच्या माघारी आम्हा तिघींना काही मिळणार असेल तर ते त्या एका कागदावर.

दिवाळीनंतर बाबांचा थकलेला पगार एकदम मिळाला. दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन फ्रीगंजला निघाले. विमा कंपनीची शाखा एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. मला न्यायचं कारण एवढंच की तिथले सगळे फॉर्म इंग्रजीत असत.

शाखेतले बडे बाबू बाबांच्याच वयाचे होते, जाड चष्म्याचे, पान खाणारे. त्यांनी हिशेब करून सांगितला. “छह किस्तें, एक सौ अड़सठ. ऊपर देरी का ब्याज आठ रुपये चौदह आने. छह महीने से ऊपर हो गए, तो तबीयत का फॉर्म भी भरना पड़ेगा.”

“ब्याज की माफी की अर्ज़ी लाया हूँ,” बाबा म्हणाले आणि मी आदल्या दिवशी लिहिलेला कागद त्यांनी पुढे सरकवला. तो मी फार मन लावून लिहिला होता. संस्थानाचं विलीनीकरण, पगार थांबणं, एकनिष्ठ विमेदार, सगळं होतं त्यात.

बडे बाबूंनी तो वाचला. “अंग्रेज़ी तो बढ़िया है. बिटिया की?”

“हाँ, स्कूल में पहली आती है,” बाबा म्हणाले.

“देखिए साहब, मेरी मानिए. पूरा पैसा भर दीजिए, तो कागज़ इंदौर से पास होकर आठ-दस दिन में आ जाएगा. माफी लगाओगे तो केस बंबई जाएगा. वहाँ से कब आए, भगवान जाने.”

“अरे, माँगने में क्या जाता है?” बाबा हसले. “हमने भी दफ़्तर चलाया है, बड़े बाबू. आप एक सौ अड़सठ जमा कीजिए, अर्ज़ी नत्थी कीजिए.”

मला वाटलं होतं, भरून टाकावेत. पावणेनऊ रुपयांच्या जवळपासची गोष्ट, आणि खिशात पैसे होते. पण चारचौघांत बाबांना काही सांगायची माझी छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझा अर्ज मुंबईला जाणार, तिथे कुणी मोठा साहेब तो वाचणार, याचा मला आतून आनंद झाला होता.

मग तब्येतीचा फॉर्म. बाबांना सही कुठे करायची ते कळावं म्हणून बडे बाबूंनी पेन्सिलीनं फुली मारून दिली. मी एकेक प्रश्न वाचून मराठीत सांगत होते. पॉलिसी बंद पडल्यापासून काही आजार? डॉक्टरकडे गेला होतात? रक्त पडतं? घरात कुणाला क्षय, मधुमेह? 

“नाही, नाही, नाही,” बाबा म्हणत होते. “डोकेदुखी आहे, पण ती लग्नापासूनची. तेवढी लिहू नकोस, तुझी आई वाचेल.”

बडे बाबू हसले. ती सगळी उत्तरं त्या दिवशी खरी होती.

शेवटी बारीक अक्षरांतला एक परिच्छेद होता. कंपनीची मंजुरी येईपर्यंत तब्येतीत काही फरक पडला तर लेखी कळवणं बंधनकारक आहे. आणि मंजुरी येईपर्यंत कंपनीवर कसलीही जबाबदारी नाही. मी तो मनात वाचला. मागे दोन माणसं उभी होती, ती वाकून बघत होती. 

“खाली ते बारीक काय आहे?” बाबांनी विचारलं.

“नेहमीचंच,” मी म्हटलं.

बाबांनी फुलीवर सही केली. एकशे अडुसष्टची पावती मिळाली. तिच्यावर ती रक्कम अनामत असल्याचा इंग्रजी शिक्का होता. तोही मी वाचला. येताना बाबांनी टॉवरजवळ कचोऱ्या बांधून घेतल्या.

एक महिना गेला. दोन गेले. बाबा दर शनिवारी शाखेत चक्कर मारत आणि येऊन सांगत, “बंबई से नहीं आया.” आई म्हणायची, “आठ रुपयांसाठी किती जोडे झिजवाल?” 

“आठ नाही, आठ रुपये चौदा आणे,” बाबा म्हणत.

खोकला संक्रांतीच्या सुमारास सुरू झाला. आधी आईनं ज्येष्ठमध दिला, मग काढा. संध्याकाळी अंगात कसर यायची. एका सकाळी बाबांचा रुमाल धुताना मला त्यावर लाल डाग दिसला. मी तो आईला दाखवला, पण त्याआधीच मला ते बारीक अक्षर आठवलं. त्याबद्दल मी कुणालाच काही बोलले नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंदूरला छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो आला तेव्हा त्यांनी तो खिडकीपाशी धरून उजव्या बाजूची एक जागा बोटानं दाखवली. घरात बाबांचं ताट-वाटी वेगळी झाली. धाकटीला त्यांच्या खोलीत जायची बंदी झाली. ती दाराशी बसून त्यांच्याशी गप्पा मारी.

त्यानंतर आठवड्याभरात मुंबईचं पत्र आलं.

“वाच,” बाबा पडल्या पडल्या म्हणाले.

मी पहिली चार वाक्यं वाचली. विमेदाराची अडचण लक्षात घेऊन खास बाब म्हणून उशिराचं सगळं व्याज माफ करण्यात येत आहे.

बाबा उठून बसले. “बघ! अगं ऐकलंस का, माफ झालं! मी म्हणत नव्हतो? अर्ज लिहावा तर माझ्या पोरीनं.” आईनं देवापुढे साखर ठेवली. मी पत्राची घडी घातली. पुढचं वाक्य मी मोठ्यानं वाचलंच नव्हतं.

“आणि हे सोबतचं काय?” आईनं पाकिटातून दुसरा कागद काढला. 

आता सांगावंच लागलं. मागचा फॉर्म भरून बरेच दिवस झाले, म्हणून तब्येतीचा नवा फॉर्म तीस दिवसांत सही करून द्यायचा. तो मिळाला की मंजुरी.

मग बाबा म्हणाले, “सगळे प्रश्न वाच. बारीक अक्षरातलंही.”

मी वाचलं.

“हे मागच्या फॉर्ममध्येही होतं?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीकडे. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

“सही करा,” आई म्हणाली. “एक सही. शाई महाग झालीय का? कोण येतंय इथे बघायला?”

“दवाखान्यात नाव आहे माझं. इंदूरला फोटो आहे. पॉलिसी पुन्हा चालू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मी गेलो तर ते पहिल्यांदा तिथेच विचारतील. तुला दारातून परत पाठवतील आणि वर खोटारडा म्हणतील.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर काही नाही.”

“काहीच नाही?”

“तीन वर्षांचे हप्ते पुरे झाले असते तर थोडंफार मिळालं असतं. दोनच झालेत.”

आई उठून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, “म्हणे, माफ झालं.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला पत्र सांगितलं. मी ते इंग्रजीत लिहिलं. अमुक तारखेपासून आजारी आहे, फोटोत क्षय दिसला आहे, फॉर्मप्रमाणे कळवीत आहे. कुठलीही विनंती नव्हती त्यात. बाबांच्या वतीनं मी लिहिलेलं ते एकच पत्र असं, ज्यात काही मागितलेलं नव्हतं. आणि ते नेऊन द्यायला मी एकटी गेले.

बडे बाबूंनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “यह ले लिया तो फिर मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा, बिटिया. पिताजी ने सोच लिया?”

मी मान हलवून हो म्हटलं.

“उस दिन अगर वो आठ रुपये…” ते म्हणाले आणि थांबले. मग शिक्का उचलून त्यांनी पत्रावर मारला, आणि मला पोचपावती दिली.

फाल्गुनात एकशे अडुसष्ट रुपये परत आले. सोबत दोन ओळी होत्या: पॉलिसी पुन्हा चालू करता येत नाही. ते पैसे औषधात आणि इंदूरच्या खेपांत गेले. बाबा पुढे चौदा महिने होते. भेटायला कुणी आलं की उशाखालून मुंबईचं पहिलं पत्र काढून दाखवत. “कंपनीनं माफ केलं बरं का, सगळंच्या सगळं. खास बाब म्हणून.” लोक मान डोलवत. मी पाणी आणायला उठत असे.

आता मी माझ्याच जुन्या शाळेत शिकवते. आई लोकांचे कपडे शिवते. धाकटीची फी मी महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण भरते. सिस्टरनी एकदा म्हटलंही, शिक्षिकांच्या बहिणींना सवलत असते, अर्ज द्या. मी हो म्हटलं. दिला नाही.

तो नवा फॉर्म माझ्या पेटीत आहे. टपालानं आला तेव्हा त्यावर फुली नव्हती. शाखेतल्या फुलीबद्दल बाबांकडून ऐकलेलं आठवून आईनं, त्या दिवशी स्वयंपाकघरातून परत आल्यावर, धाकटीच्या पेन्सिलीनं ती मारली होती. जागा चुकली आहे. सहीच्या रेघेवर नाही, खाली बारीक अक्षरांवर आहे.