बिलावरचं जुनं नाव

काशीदच्या लॉजवरची नोकरी सोडून मी मुरुडच्या एका लॉजवर मॅनेजर म्हणून लागले, तेव्हाची गोष्ट. काशीदच्या मालकांना मी काका म्हणायचे. बुकिंग, बिलं, पाहुण्यांशी बोलणं, सगळं त्यांनीच शिकवलेलं. ऐन सीझनला मी निघाले, तर ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

नव्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, मला आणि आमच्या कुकला स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेच्या ऑनलाइन वर्कशॉपला बसवायचं ठरवलं. "बिल कंपनीच्या नावाने घ्या हं. जीएसटी नंबर टाका."

मी माझ्या लॅपटॉपवर फॉर्म उघडला. 'कंपनीच्या नावाने इन्व्हॉइस हवं' यावर टिक केली, तसे खाली बिलिंगचं नाव आणि जीएसटी नंबर असे दोन रकाने आले. मी टाइप करायला लागले, तर लॅपटॉपने आधीचं जपून ठेवलेलं आपोआप भरलं. समोर पाहुणे चेक-आउटला ताटकळत होते. नंबर सत्तावीसने सुरू होतोय एवढं दिसलं आणि मी पैसे भरून टाकले. महाराष्ट्रातले सगळेच नंबर सत्तावीसने सुरू होतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. इन्व्हॉइसची मेल आली, ती न उघडताच मी मॅडमना पुढे पाठवली.

पुढच्या महिन्यात काकांचा फोन आला. मॅडम शेजारीच बसल्या होत्या.

"पोरी, आमच्या जीएसटीत कुठल्याशा वर्कशॉपचं बिल दिसतंय म्हणून सीएचा फोन आला. आयोजकांना विचारलं, तर नोंदणी तुझ्या नावाची. अजून आमचाच नंबर वापरतेस व्हय?"

मॅडमनी ती मेल उघडली. बिलावर काशीदच्या लॉजचं नाव. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही अजून त्यांचंही काम बघता का?" "नाही हो," एवढंच म्हणता आलं.

आयोजकांना आमचं खरं नाव आणि नंबर कळवला. त्यांनी पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करतो म्हणून सांगितलं. पण काकांना हे फोनवर सांगणं जिवावर आलं. सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून काशीदला गेले.

काका ओट्यावर नारळ सोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"बिल सुधारेल गं, त्याचं काय. पण पगार कमी पडत होता तर बोलायचंस ना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

पगाराचा प्रश्न नव्हताच. मला मोठं लॉज हवं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नव्हती. त्या दिवशीही झाली नाही. काकूंनी आणलेला चहा मी खाली मान घालून प्याले.

दुरुस्त इन्व्हॉइस आलं, तेव्हा मॅडमनी नाव आणि नंबर स्वतः ताडून पाहिला. आधी त्या कधी पाहत नसत.