पाच मिनिटांपर्यंत चालतं

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे, तिथला भोंगा चार मिनिटं आधी व्हायचा. चुकून नव्हे, ठरवून. लोक वेळेवर यावेत म्हणून आमच्या वर्क्स मॅनेजर साहेबांनी भोंग्याचं घड्याळ पुढे ठेवलं होतं. सुटायचा भोंगाही त्याच घड्याळावर, म्हणजे लोक चार मिनिटं आधी यायचे आणि चार मिनिटं आधी जायचे. यातून कंपनीला काय मिळत होतं, हे मी एकदा साहेबांना विचारलं. "शिस्त," असं ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चहा गार होतोय म्हणून निघाले.

तेव्हा २००० नंतरची वर्षं होती आणि कंपनीत नवी नेटवर्क व्यवस्था आली होती. सर्व्हरच्या खोलीत दोन मशीन. एक मुख्य, जे सकाळी प्रत्येकाचा पासवर्ड तपासायचं आणि स्वतःची वेळ इंटरनेटवरून जुळवून घ्यायचं. सगळ्यांचे पीसी त्याच्याच वेळेने चालायचे. दुसऱ्यावर डिस्पॅचचा प्रोग्राम आणि हजेरीचा प्रोग्राम असे एकत्र नांदत होते. पंचिंग मशीन वेळ घ्यायचं ते या दुसऱ्याकडून. मग पंचिंग आणि भोंगा यांचं जमेना. साहेबांच्या हुकुमावरून या सर्व्हरचं वेळ आपोआप जुळवणं बंद केलं गेलं आणि घड्याळ हाताने भोंग्याला लावलं गेलं. मी नाक मुरडलं, पण काही अडलं नाही. टाइमकीपर अधूनमधून येऊन काटा जुळवून जायचे. पुढे ते दुसऱ्या प्लँटला गेले आणि ते काम कोणाचंच राहिलं नाही.

एका दुपारी डिस्पॅचचे काका माझ्या दारात आले. सिन्नरकडचा, शांत, पांढऱ्या मिशांचा माणूस. सर्व्हर आपल्याला ओळखत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सकाळी पीसी व्यवस्थित उघडला, पण डिस्पॅचच्या प्रोग्रामला हात लावला की पासवर्ड मागतो आणि दिला की नाकारतो. मी नेहमीचा प्रश्न विचारला, कॅप्स लॉक? त्यांनी दुखावल्यासारखं पाहिलं. मी त्यांचा पासवर्ड बदलून दिला. नवाही नाकारला. मग माझाही नाकारला, तेव्हा मात्र मला घाम फुटला.

बाहेर माल भरलेला ट्रक उभा होता. इन्व्हॉइस प्रिंट होऊन त्यावर काकांची सही झाल्याशिवाय तो गेटबाहेर जाऊ शकत नव्हता, आणि हाताने लिहिलेला इन्व्हॉइस चालत नव्हता. ही रोजची कटकट. त्या दिवशी वेगळं होतं ते काकांचं. त्यांचा मुलगा दुपारच्या गाडीने नाशिकरोडहून जबलपूरला निघाला होता, फौजेच्या ट्रेनिंगला. काकांनी त्याच्यासाठी ओझरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा बघून ठेवली होती. पोराने परस्पर भरतीला जाऊन नाव नोंदवलं. दिवाळीपासून बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. आणि आज काकांनी कसंबसं ठरवलं होतं, की स्टेशनवर जायचं.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते जमिनीकडे बघत, आणि शेवटी म्हणाले, घाई नाही, होईल तेव्हा होऊ द्या. घाई नाही म्हणणाऱ्या माणसाइतकी घाई मला कोणी लावलेली नाही.

मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. पानभर एकच ओळ पुन्हा पुन्हा: दोन्हीकडच्या वेळेत फरक जास्त आहे. मग डोक्यात प्रकाश पडला. मुख्य मशीन पासवर्ड बघून आपल्याला एक तिकीट देतं. ते घेऊन आपला पीसी दुसऱ्या सर्व्हरच्या दारात जातो आणि सोबत आत्ताची वेळ लिहून देतो. सर्व्हर ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. पाच मिनिटांपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असला की त्याला वाटतं, कोणीतरी जुनी चिठ्ठी चोरून पुन्हा वापरतंय, आणि तिकीट कितीही खरं असलं तरी तो दार लावून घेतो.

पाचांतली चार मिनिटं साहेबांनी आधीच खाऊन ठेवली होती. उरलेलं मिनिट सर्व्हरच्या घड्याळाने खाल्लं. ते रोज किंचित पुढे पळायचं, कोणाला कळणार नाही इतकंच, आणि त्या दुपारी त्याने रेघ ओलांडली. कोणी काही बदललं नव्हतं. तरीच मला सापडत नव्हतं.

मी साहेबांकडे गेले, काका माझ्या मागोमाग, आणि म्हटलं, घड्याळ खऱ्या वेळेला लावते. ते म्हणाले, म्हणजे सुटायच्या भोंग्याला सगळ्यांचं पंचिंग लवकरचं दिसेल, अर्ध्या कारखान्याचा पगार कापायचा का? मी म्हटलं, मग भोंगाही खरा करा. ते म्हणाले, कंपनीची वेळ कंपनी ठरवते, तुमच्या मशीनला समजावून सांगा. मी म्हटलं, मशीनला तुमचा हुद्दा माहीत नाही. माझं डोकं तापलं की जिभेला हाड राहत नाही. साहेबही उठून उभे राहिले. आम्ही दोघं शिस्त, विज्ञान आणि एकमेकांची पात्रता यावर बोलत होतो, तेवढ्यात मागून काका म्हणाले,

"कोणाचं घड्याळ खरं, ते उद्या ठरवा मॅडम. माझ्या पोराची गाडी रेल्वेच्या घड्याळानं सुटणार हाय."

मला लाज वाटली, आणि साहेबांनाही वाटली असावी, कारण ते खाली बसले. मी धावत जाऊन सर्व्हरचं घड्याळ मागे घेतलं, खऱ्या वेळेला नाही, साहेबांच्या चार मिनिटांवर. तत्त्व गेलं चुलीत. दार लगेच उघडलं, प्रिंटर घरघरला, काकांनी सही केली आणि ट्रक हलला.

त्यांची सायकल होती, माझी स्कूटी, म्हणून त्यांना स्टेशनवर मीच घेऊन निघाले. बाईमाणसाच्या मागे बसायला ते इतके संकोचले की द्वारका सर्कलपर्यंत माझ्या आणि त्यांच्या मध्ये त्यांचा जेवणाचा डबा होता. नंतर मी रिक्षांमधून गाडी घातली तेव्हा त्यांनी डबा सोडून माझा खांदा धरला.

गाडी फलाटावर उभी होती. मुलगा दारात, बारीक केस कापलेला, घरच्यांशी हसून बोलणारा. बाप दिसला तसा गप्प झाला. काका जाऊन समोर उभे राहिले. वाटभर त्यांनी काहीतरी जुळवलं असणार, ओठ हलत होते. बाहेर पडलं ते एवढंच:

"उशीर झाला. सर्व्हरचं घड्याळ पुढं गेलं व्हतं."

मुलाने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "कारण तरी बरं शोधायचं ना, बाबा."

आणि हसला. काकाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. गाडीने शिट्टी दिली. मुलाने वाकून त्यांचे पाय धरले आणि पटकन पायरीवर चढला. काका एकदम माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगा त्याला. खरं हाय का नाय?"

म्हणून मी, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात असल्यासारखी गंभीर, हलत्या गाडीबरोबर चालत एका फौजीला आमच्या नेटवर्कची पद्धत सांगू लागले. तिकीट खरंच होतं, म्हटलं, फक्त वेळ जुळत नव्हती, पाच मिनिटांपर्यंत चालतं, पुढे गेलं की दार बंद होतं. तो मान डोलवत होता, पण बघत होता बापाकडे. मग गाडीने वेग घेतला आणि माझी दमछाक झाली.

मी परत आले तेव्हा काका तिथेच उभे होते, रिकाम्या रुळांकडे बघत.

"कळलं असंल का त्याला?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हटलं.