नकाराचं पत्र

भंडाऱ्याची नोकरी मी स्वतःच्या सहीने नाकारली. चांगल्या इंग्रजीत नाकारली. हे आधीच सांगते, कारण नंतर ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्यांना वाटायचं की कुणीतरी माझी संधी हिरावून घेतली. हिरावून काही घेतलं नाही. मीच दिली.

राज्याची राजधानी नागपूर होती आणि आमचं गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, तेव्हाची गोष्ट. मी तेहतीस वर्षांची होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नऊ वर्षांची होती, आणि माझी आई गोरेगावकडची शेती दिरावर सोपवून आमच्याजवळ येऊन राहिली होती. मॅट्रिक आणि शिक्षकाचं प्रशिक्षण, एवढं माझं शिक्षण. गावातल्या एका खासगी मुलींच्या शाळेत मी शिकवत होते, पण हंगामी. हंगामी म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या दिवशी नोकरी संपायची आणि जुलैत शाळा उघडली की पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा रुजू व्हायचं. पाच वर्षं माझा प्रत्येक उन्हाळा असा गेला. मला कायम नोकरी हवी होती. बाकी काही नको होतं.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला आम्ही सगळ्या मोठ्या बाई म्हणायचो. पन्नाशीच्या होत्या, नागपुरात शिकलेल्या. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले आणि तो त्याच लिहीत. वर्गात नकाशा कसा टांगायचा इथपासून अधिकाऱ्यासमोर खुर्चीत कसं बसायचं इथपर्यंत मला त्यांनी शिकवलं. मी विधवा आहे म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशी मला कुणी बाजूला बसवलं, तर त्या येऊन माझ्या शेजारी बसायच्या. हेही सांगायला हवं.

एप्रिलमध्ये मी मोठ्या बाईंना सांगूनच भंडाऱ्याला मुलाखत देऊन आले होते. जूनमध्ये तिथून पाकीट आलं. तिथल्या सरकारी मुलींच्या शाळेत माझी निवड झाली होती. ठरलेल्या तारखेपर्यंत रुजू व्हा, नाहीतर नेमणूक रद्द समजली जाईल, असं खाली लिहिलेलं होतं. आईने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"कायम आहे का?" तिनं विचारलं.

"वर्षभर बघतील, मग कायम."

"मग जाऊन राहिली ना? विचार कायले करून राहिली?"

विचार करायचं कारण असं, की मोठ्या बाई दोनच आठवडे आधी मला म्हणाल्या होत्या, जुलैपासून आपल्याकडे वरचे वर्ग सुरू होणार, त्यातली एक कायम जागा तुझी. संस्थेचे सेक्रेटरी वकील होते. त्यांनी होकार दिला आहे, तू स्वीकारल्याचं पत्र देऊन ठेव, असं त्या म्हणाल्या. मी दिलं होतं. मुलीची शाळा इथेच, आईचा दवाखाना इथेच, घर मोडायचं नाही. एकदा एका ठिकाणी हो म्हटल्यावर दुसरीकडे हो म्हणायचं नाही, हेही मला पटत होतं. तरी मी त्यांना विचारलं, नेमणुकीचा कागद कधी मिळेल?

"कमिटीची बैठक झाली की. वकीलसाहेबांचा शब्द म्हणजे कागदच."

आमच्याकडे धानाचा सौदाही शब्दावर होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

राहिला भंडाऱ्याचा नकार. तो शाळा तपासनिसांच्या नावे इंग्रजीत द्यायला हवा होता. मी रविवारी बसून एक पानभर लिहिलं आणि फुलचूरच्या बाजूला मोठ्या बाईंचं घर होतं तिथे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि हसल्या. मी आईचा दमा, मुलीची शाळा, भंडाऱ्यात खोली मिळण्याची अडचण, सगळं लिहिलं होतं. चार वेळा माफी मागितली होती.

"चोरी केली आहेस का?" त्या म्हणाल्या. "साहेबाला तुझ्या घरातली चूल दाखवू नकोस. त्याला फक्त एवढंच कळायला हवं, की जागा मोकळी आहे की नाही."

मग त्यांनी मला नीट शिकवलं. पहिल्या वाक्यात आभार, पत्राची तारीख आणि पदाचं नाव घालून, म्हणजे कारकुनाला फाईल शोधावी लागत नाही. दुसऱ्या वाक्यात नकार. गोल गोल नाही, सरळ. तिसऱ्यात कारण, एकच: मी दुसरी नेमणूक स्वीकारली आहे. कुठली ते लिहायचं नाही, ती याहून चांगली असंही लिहायचं नाही. दिलगिरी एकदाच. शेवटी, तुमच्या शाळेला शुभेच्छा आणि पुढे कधी योग आला तर आनंद वाटेल. आणि हे सगळं आजच, कारण उशिरा आलेला नकार कितीही गोड असला तरी समोरच्याची अडचण करतो. हे सगळं बरोबर आहे. आजही मी कुणाला असंच सांगेन.

मी पक्कं लिहायला घेतलं तेव्हा त्या चहा ठेवायला उठल्या आणि आतून म्हणाल्या, "आणखी एक ओळ घाल. नुसता नकार देऊ नये. आपण कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जातो का? जागेसाठी एक चांगलं नाव सुचव."

कुणाचं, मी विचारलं.

त्यांच्या भाचीचं. भावाची मुलगी, प्रशिक्षण झालेली, सव्वीस वर्षांची, घरीच होती. मी तिला दोनदा पाहिलं होतं. मला ते सभ्यपणाचंच वाटलं. आपण सोडतो ती जागा ओळखीच्या मुलीला मिळाली तर वाईट काय? मी ओळ घातली, सही केली. उद्याच रजिस्टर्ड टपालाने पाठव, पोचपावती घे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. किती काळजी करतात, असं मला वाटलं.

जुलैत शाळा उघडली. वरचे वर्गही उघडले. मला त्यातला एक वर्ग मिळाला, पण कागद मिळाला नाही. बैठक पुढे गेली, मग वकीलसाहेब नागपूरला गेले, मग पाऊस. पंधरा दिवसांनी शिपायाने हातात पाकीट दिलं. नेमणूक हंगामी, एप्रिलअखेरपर्यंत.

मी मधल्या सुट्टीत सरळ वकिलांच्या घरी गेले. त्यांनी मला बसवलं, ऐकून घेतलं आणि खरंच गोंधळले.

"पण कायम जागा मंजूरच झाली नाही, बाई. मे महिन्यातच नामंजूर झाली. मी तुमच्या मुख्याध्यापिकेला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही स्वीकारल्याचं पत्र दिलंत, तर आम्हाला वाटलं हंगामीसाठीच."

मे महिन्यात. भंडाऱ्याचं पाकीट आलं जूनमध्ये.

तरीही मी मनात काहीतरी जुळवत होते. विसरल्या असतील, पुन्हा प्रयत्न करत असतील. शनिवारी रजा काढून मी भंडाऱ्याला गेले. आगगाडी, मग स्टेशनवरून मोटार, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. तपासनिसांच्या कचेरीतले हेडक्लार्क म्हातारे होते, पान खाणारे. मी नाव सांगताच ओळखलं.

"अहो, तुमचं पत्र! साहेबांनी आम्हाला वाचून दाखवलं. म्हणाले, नाही म्हणावं तर असं."

जागा भरली का, मी विचारलं. भरली होती. मी म्हटलं, माझी समजूत चुकीची करून दिली गेली, नकार मागे घेता येईल का? त्यांनी फाईल काढली, माझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि बोट फिरवत म्हणाले, यात कुठे जर-तर असतं, मुदत मागितलेली असती, तर साहेबांनी आठ दिवस थांबवलं असतं. पण यात फटच नाही. मग पान उलटलं आणि सहज म्हणाले, "आणि तुम्ही सुचवलेल्या या मुलीचा अर्ज तर तुमच्या पत्राच्या पाच दिवस आधीच आला होता. उमेदवार रुजू होणार नाही असं समजतं, म्हणून अर्ज करते, असं लिहिलंय बघा."

मी बघितलं. तो अर्ज आला तेव्हा मी माझा कच्चा मसुदाही लिहिला नव्हता. अक्षर भाचीचं असेल, पण वाक्यं कुणाची ते मला सांगायला नको होतं. पहिल्या ओळीत तारीख आणि पदाचं नाव होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या हजेरीपटावर सह्या करत होत्या. मी पाहिलं ते सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

"तुला इंग्रजी वाचता येतं ना?" त्या म्हणाल्या. "मी लिहिलं नाही. सही तुझी आहे."

"कायम जागा नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"पुढच्या वर्षी होईल. तू इथे आहेसच, मी तुला काही उपाशी ठेवणार नाही. तिचं काय? दोन ठिकाणचं लग्न मोडलं. सरकारी नोकरी असली तर तिसरं मोडणार नाही."

"मला सांगितलं असतंत तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तर तू दिली असतीस?"

नसती दिली. हे त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं. मी दार उघडून बाहेर आले. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तिच्या घरचा चहा पिऊन सही करून आली तू." एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

नोकरी मी सोडली नाही. सोडून जाणार कुठे? मी त्यांच्या हाताखाली वर्षभर शिकवलं, रोज नमस्कार केला, रोज त्यांनी घेतला. त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांचा वर्गही घेतला. फक्त त्यांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर मी त्यांच्यासमोर कधी सही केली नाही. घरी न्यायचे, वाचायचे, दुसऱ्या दिवशी आणायचे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाची गोंदियाला आली. लग्न ठरलं होतं. आत्याला घेऊन ती माझ्या घरी अनरसे घेऊन आली आणि वाकून नमस्कार करून म्हणाली, "ताई, तुम्ही माझं नाव सुचवलंत, साहेबांनी सांगितलं. आत्या म्हणाली, तुम्हाला भंडारा नकोच होतं, म्हणून मला बरं वाटलं. नाहीतर मी गेलेच नसते."

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, ही सभ्यपणे उत्तर देईल. तसं मला त्यांनीच शिकवलं होतं.

"हवं होतं," मी म्हटलं.

भाचीला आधी कळलं नाही. मग तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने माझ्या मुलीला जवळ बोलावून कितवीत आहेस असं विचारलं, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं. मी बश्या आणायला आत गेले.