हिरव्या टिकेचा आठवडा

हर्षा खोब्रागडे आमच्या तालुक्याच्या कार्यालयात सात वर्षं काम्प्युटरवर बसते आहे. दर अकरा महिन्यांनी सरकार तिला एका दिवसासाठी बेरोजगार करतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर पुन्हा बसवतं. मूळची गोंडपिपरीची. वडील हरिदासभाऊ माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते, त्यामुळे घरात शिक्षणाचं कौतुक आणि सायबांचा धाक, दोन्ही सारखेच. त्यातला धाक हर्षाच्या अंगी फारसा लागला नाही. तिची एक सवय मात्र कार्यालयभर प्रसिद्ध होती. कोणी "झालं" म्हटलं की ती विचारायची, "दाखवा."

या एका शब्दामुळे तिच्या हाताखालचे आणि वरचे, दोघेही तिच्यावर नाराज असत.

गेल्या वर्षी जिल्ह्यातून फर्मान आलं की वनहक्काचे सगळे जुने दावे स्कॅन करून नव्या पोर्टलवर चढवायचे. त्यासाठी 'शंभर टक्के अपलोड सप्ताह' जाहीर झाला. नेमका त्याच आठवड्यात हर्षाचा करार संपला, आणि या खेपेला एका दिवसाचा खंड कागदपत्रांच्या घोळात नऊ दिवसांवर गेला. मग आमचे अजय ताजने साहेब स्वतः काम्प्युटरसमोर बसले. बसल्याचा फोटो निघाला, वर्तमानपत्रात छापून आला. आठवड्याच्या शेवटी तीनशे बारा दाव्यांसमोर तीनशे बारा हिरव्या टिका उमटल्या. साहेबांना जिल्ह्यात शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र त्यांनी खुर्चीमागे, फाइल शोधायला वळलं की डोक्याला लागेल अशा उंचीवर टांगलं. सुदैवानं फाइल शोधायला ते कधी वळत नसत.

पाच महिन्यांनी मंगली सिडाम आली.

मंगलीबाई बोडूरगट्ट्याच्या ग्रामसभेची सचिव. गाव आलापल्लीच्या पलीकडे, जंगलात. सात किलोमीटर पायी, मग बस. गावानं मोह, बांबू आणि तेंदूच्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा केला होता. त्याचे चौऱ्याऐंशी कागद तिनं स्वतः गोळा केले होते, आणि कार्यालयाचा शिक्का मारलेली पोच तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून होती. आता तिच्या हातात जिल्ह्याचं पत्र होतं: 'सोबतची कागदपत्रे आढळून येत नसल्याने दावा नस्तीबद्ध करण्यात येत आहे. हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे.' दहापैकी सहा दिवस पत्राला तिच्या गावापर्यंत पोचायलाच लागले होते.

"ताई, नस्तीबद्ध म्हणजे काय व्हय?" तिनं हर्षाला विचारलं.

"म्हणजे फाइल बांधून ठेवली."

"बांधली त हाये, मंग हरवली कशी?"

हर्षानं पत्र हातात घेतलं. ती मंगलीबाईला घेऊन साहेबांकडे गेली.

साहेबांनी पत्र वाचलंही नाही. पोर्टल उघडलं, दावा शोधला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. हिरवी टिक. आपल्याकडून गेलंय. जिल्ह्याले दिसत नसन त त्यायचे डोये तपासाले पायजे."

"साहेब, टिक फॉर्म जतन झाल्याची आहे," हर्षा म्हणाली. "फाइल चढल्याची नाही. फाइल चढली की पावती क्रमांक येतो, आकार येतो, अन् शेजारी 'पाहा' लिहून येते. इथी नुसतं फाइलचं नाव हाये."

"नाव हाये त फाइल असंनच ना."

"मतदार यादीत नाव असलं म्हणजे माणूस घरी असतोच असं नाई, साहेब."

तिनं त्या नावावर टिचकी मारली. पांढरं पान उघडलं. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: आकार शून्य.

मंगलीबाई पडद्याजवळ वाकली. "आमचं जंगल इतकंच दिसून राह्यलं काय?"

मग हर्षानं कारण काढलं. साहेबांनी सगळे कागद रंगीत आणि सगळ्यात वरच्या दर्जावर स्कॅन केले होते. एकट्या बोडूरगट्ट्याची फाइल शेहेचाळीस एमबीची. पोर्टल दहापर्यंतचीच घेतं. मोठी फाइल निवडली की तिचं नाव लगेच पडद्यावर दिसतं, कारण नाव तर आपल्याच काम्प्युटरमधलं असतं; तिकडे अजून काहीच गेलेलं नसतं. 'अपलोड' दाबल्यावर पोर्टल ती नाकारतं आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात, लाल ओळ लिहितं: फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. तिथपर्यंत पान खाली सरकवायला हवं. साहेबांनी सरकवलं नव्हतं. त्यांनी 'जतन करा' दाबलं, फॉर्मसोबत नुसतं नाव जतन झालं, टिक आली, आणि पुढच्या दाव्याकडे वळले. पोर्टल मोजत होतं ते फॉर्म. फाइली कोणी मोजतच नव्हतं.

 मग प्रमाणपत्राखाली बसलेल्या माणसाला शोभेल असा निर्णय त्यांनी घेतला. "मी आत्ताच मेल करून टाकतो."

शेहेचाळीस एमबीची फाइल मेलमध्ये मावत नाही. मेलनं ती आपणहून साहेबांच्या ऑनलाइन साठ्यात ठेवली आणि पत्रात नुसती लिंक घातली. पाठवताना एक चौकट आली: समोरच्याला फाइल पाहण्याची परवानगी नाही, द्यायची का? साहेबांना चौकटी वाचायची सवय नव्हती. त्यांनी सगळ्यात खालचं, 'परवानगी न देता पाठवा' दाबलं आणि खुर्ची मागे सरकवली. डोक्याला प्रमाणपत्र लागलं.

"गेलं," ते डोकं चोळत म्हणाले. "पाठवलेल्यात दिसून राह्यलं."

"पत्र गेलं, साहेब. फाइल तुमच्याचजवळ हाये."

हर्षानं ती लिंक स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खात्यातून उघडली. 'तुम्हाला प्रवेश नाही. परवानगी मागा.' तिनं मोबाइल साहेबांसमोर धरला. "ज्याले पाठवलं तो बनून पाहाव लागते. तुमच्या खात्यातून तुम्हाले सारंच दिसणार."

साहेब म्हणाले, "मंग मागन ना परवानगी." जिल्ह्यानं परवानगी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचं एका ओळीचं उत्तर आलं: 'सोबत जोडपत्र नाही.' हातात तीन दिवस उरले.

मंगलीबाई परत गेली नव्हती. गावातल्या एका मुलीच्या सासरी मुक्कामाला राहिली होती आणि सकाळी दहाला कार्यालयाच्या पायरीवर हजर होती. हर्षानं कपाटातून मूळ कागद काढले. लिखाणाची पानं काळ्यापांढऱ्यात, बेतानं स्कॅन केली. दोन नकाशे रंगीत, वेगळ्या फाइलीत, कारण काळ्यापांढऱ्यात नाला आणि रस्ता सारखेच दिसले असते. एक फाइल सात एमबी, दुसरी चार. नावं साध्या इंग्रजी अक्षरांत दिली. मधल्या तिरक्या रेघा आणि कंस पोर्टलला सोसत नसत.

अपलोडची पट्टी ऐंशी टक्क्यांवर गेली आणि नेटची लाइन गेली. पंधरा मिनिटांनी आली तेव्हा पट्टी गायब, पण फाइलचं नाव दिमाखात उभं.

"झालं का?" साहेबांनी दारातून विचारलं.

"पावती क्रमांक नाई. म्हणजे नाई झालं." तिनं पुन्हा सुरुवात केली. या खेपेला पट्टी पूर्ण भरली, क्रमांक आला, आकार आला, 'पाहा' आलं. दुसरी फाइलही चढली. साहेबांनी टाळी वाजवली. हर्षा खात्यातून बाहेर पडली आणि मंगलीबाईला म्हणाली, "तुमचा मोबाइल द्या."

पोर्टलवर दावा क्रमांक टाकला की दावेदाराच्या मोबाइलवर आकडे येतात, ते भरले की दावेदारालाही फाइल दिसते. फाइल उघडली. आकार बरोबर. अक्षरं स्वच्छ. हर्षानं मोबाइल मंगलीबाईच्या हातात दिला. मंगलीबाईनं मात्र तो पिशवीत ठेवला नाही. ती अंगठ्यांच्या पानांवरून एकेक करत सरकत होती, मध्येच थांबून ओठ हलवत होती.

"सोमारी आजीचा अंगठा कुठी हाये?"

"असंन की, नीट पाहा."

"नाई. तिच्या अंगठ्याले आडवी चीर हाये, बांबू तासताना पडली व्हती. तिच्यासंगं कोलू, झाडू, आमचा सुकलू, साऱ्यायचे एकाच पानावर व्हते. ते पान नाई."

हर्षानं पानं मोजली. नकाशे सोडून ब्याऐंशी हवी होती, एक्क्याऐंशी होती. स्कॅनरनं दोन कागद एकत्र ओढले होते. फाइल चढली होती, पोचली होती, उघडत होती, आणि तरी तिच्यात अकरा माणसं नव्हती. सात वर्षं दुसऱ्यांना "दाखवा" म्हणणारी हर्षा त्या दिवशी लाजली. तिनं आकार पाहिला होता, पानं मोजली नव्हती.

सुटलेलं पान लावून फाइल नव्यानं चढवली, नव्यानं उघडली, दोघींनी मिळून शेवटपर्यंत मोजली. मग हर्षानं जिल्ह्याच्या कार्यालयात हे दावे पाहणाऱ्या रंजीताबाईंना फोन लावला. "मॅडम, तुमच्या काम्प्युटरवर उघडा. पोचलं म्हणू नका. शेवटच्या पानावर काय हाये ते वाचून दाखवा."

रंजीताबाई आधी चिडल्या, मग वाचू लागल्या. शेवटच्या पानावर ग्रामसभेचा ठराव होता. मंगलीबाईनं स्पीकरवर तो अख्खा ऐकला आणि शेवटी सभेत म्हणतात तसं "मंजूर" म्हणाली.

दावा पुन्हा उघडला गेला आणि सुनावणीला लागला.

हर्षाला मात्र स्वस्थ बसवेना. उरलेल्या तीनशे अकरा टिकांवर तिनं एकेक करून टिचकी मारली. चार दिवस लागले. एकशे सोळा पानं पांढरी निघाली. तिनं यादी करून टिपणी ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि शेरा मारला: 'अपलोडचे उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. तथापि काही फाइली रिक्त स्वरूपात अपलोड झाल्या आहेत.' जिल्ह्यानं चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल महिन्याभरात मेलनं आला, 'सोबत अहवाल जोडला आहे' या एका वाक्यासह. सोबत काहीच नव्हतं. साहेबांनी तो 'प्राप्त' म्हणून नोंदवला.

हर्षानं एकशे सोळा दाव्यांचे कागद कपाटातून काढायला घेतले. एकशे पाच सापडले. अकरांचे मूळ कागदच नव्हते. चढवून झाले म्हणून सप्ताहानंतर कागद रद्दीत गेले होते आणि त्यांचे स्कॅनही काम्प्युटरमधून पुसले होते. ज्या गावांनी स्वतःजवळ एक प्रत ठेवली असेल ती गावं वाचणार होती. बाकीच्यांना पुन्हा सभा भरवावी लागणार होती, आणि त्यातल्या काही सह्या करणारी माणसं आता हयात नव्हती.

अकरा गावांची यादी घेऊन ती सोमवारी सकाळच्या बसमध्ये चढली. पहिल्या गावात ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "काऊन आली, बाई? आमचं त सारं झालं म्हणून सांगतलं व्हतं."

हर्षानं पाणी मागितलं, त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.