हलली नव्हती

मी माझ्या बायकोबद्दल खोटं बोललो. ती गाडीवर हलली म्हणून आम्ही पडलो, असं मी तिच्या माहेरच्या माणसांना सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं, खरं तर त्यांना याची काही गरज नव्हती. त्यांनी फक्त हात कुठे दुखतो एवढंच विचारलं होतं.

मी भोरमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. बायकोचं माहेर हिर्डोशीचं. तिकडे एसटी कमी, म्हणून आम्ही मोटरसायकलने जायचो. धरणाच्या कडेने जाणारा रस्ता सगळा वळणांचाच आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्या रस्त्याने निघालो तेव्हाच मी तिला सांगून ठेवलं होतं, "वळणावर गाडी वाकेल. तू वाकायचं नाहीस. ताठ बसायचं. वाकायचं काम माझं."

हे मी शिक्षक म्हणून सांगितलं होतं. वळणावर गाडी किती वाकवायची ते वेगावर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतं, वजनावर नाही. हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करतो. सूत्रात वजन येत नाही म्हणजे मागे बसलेलं माणूसही येत नाही, असा मी अर्थ काढला होता. तिने ऐकलं. ती दोन्हीकडे पाय टाकून, माझा खांदा धरून, खांबासारखी ताठ बसायची.

पडलो ते एका डाव्या वळणावर. गाडी आत वाकवली, तर ती पुरेशी वाकेना. परत उभी राहायला बघत होती, आणि आम्ही रस्त्याच्या मधल्या बाजूला ओढले जात होतो. मागे बायको बाहेरच्या बाजूला गेल्यासारखं मला जाणवलं. मी गाडी आणखी दाबली. खालून स्टँड रस्त्याला घासल्याचा आवाज आला, मागचं चाक निसटलं आणि आम्ही डाव्या अंगावर पडलो. मला खरचटलं. तिचं डावं मनगट मोडलं.

"तू हललीस," मी रस्त्यावर बसूनच म्हणालो.

"मी हललेच नाही," ती म्हणाली. मनगट तिने दुसऱ्या हातात धरलं होतं.

माहेरी ही गोष्ट लवकर रुजली. तिच्या भावाला विनोद करायला फार काही लागत नाही. "दाजी, ताईला पोत्यागत दोरीनं बांधत जावा," तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "ल्हानपणापासनं अशीच हाय. बैलगाडीतबी एका जागी बसायची न्हाई." मी हसलो. मी हसायला नको होतं, पण सगळे हसत होते.

प्लास्टर निघालं तरी ती माझ्या मागे बसेना. मी आग्रह केला नाही, कारण आग्रह केला असता तर त्या वळणाबद्दल बोलावं लागलं असतं. ती एसटीने जायची आणि गाडी चुकली की मुक्काम करून यायची. भावाने नवी मोटरसायकल घेतली, पण थांब्यापासून घरापर्यंतच्या चढावरही तो तिला बसवत नव्हता. "नगं ताई, तू चालतच ये. माझी हाडं मला लागत्यात." ती चालत जायची आणि तो शेजारून गाडी हळू चालवत गप्पा मारत जायचा. हे मी एकदा पाहिलं आहे. तिच्या पिशव्या मात्र त्याने गाडीवर घेतल्या होत्या. त्या हलत नाहीत, असं तो म्हणाला.

असं वर्षभर चाललं. मग बारावीच्या वर्गात तो धडा पुन्हा आला.

मी फळ्यावर नेहमीची आकृती काढली. मागून पाहिलेली, डावीकडे वाकलेली गाडी, म्हणजे एक तिरकी रेघ. रेघेच्या खालच्या टोकाला रस्ता आणि वर एक ठिपका. तो ठिपका म्हणजे गाडी आणि माणसं मिळून सगळ्यांचं वस्तुमान केंद्र. टॉर्क, म्हणजे गाडीला फिरवू बघणारा जोर, त्या ठिपक्याभोवती काढायचा. टायर जिथे टेकतो त्या बिंदूभोवती काढला तर फसगत होते, कारण तिथे फक्त वजनाचाच टॉर्क उरतो आणि हिशोबाने प्रत्येक गाडी पडायला हवी. तो बिंदू स्वतःच वळत असतो हे मुलं विसरतात. ठिपक्याभोवती काढला की वजन बाद होतं, ते ठिपक्यातूनच जातं. उरतात दोनच बलं, दोन्ही टायरपाशी. रस्ता टायरला वर ढकलतो, ते बल गाडीला आणखी आत पाडायला बघतं. घर्षण टायरला वळणाच्या आत ढकलतं, ते गाडीला उभी करायला बघतं. दोघांची ओढ सारखी झाली की गाडी वाकलेली राहते, पण पडत नाही. त्यातून कोन निघतो. त्याचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले g.

एक मुलगी विंझरहून येते. ती म्हणाली, "सर, मागं बसलेलं माणूस वाकलंच न्हाई तर?"

"वजन सूत्रात येत नाही," मी सवयीने म्हणालो.

"वजन न्हाई सर. ठिपका. माणूस ताठ बसलं तर ठिपका रेघंवर कसा ऱ्हाईल?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तिचा दादा लई पळवतो सर, तिला पास व्हायच्या आधी जिवंत ऱ्हायचंय." वर्ग हसला. मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो आणि तिरक्या रेघेच्या वर एक ताठ रेघ काढली.

सूत्रातला कोन गाडीचा नसतो. टायर टेकतो तिथून ठिपक्यापर्यंतच्या रेघेचा असतो. मागचं माणूस ताठ राहिलं की गाडीच्या मानाने ते बाहेर जातं, ठिपकाही थोडा बाहेर सरकतो. वर ढकलणाऱ्या बलाचं अंतर कमी होतं आणि घर्षण जिंकतं. गाडी उभी राहायला बघते. तेच वळण त्याच वेगात घ्यायचं तर ठिपका जागेवर आणण्यासाठी गाडी आणखी वाकवावी लागते. मी अंदाजे आकडे घालून पाहिलं. दोन अंश निघाले.

"दोनच?" मुलगी म्हणाली. तिची निराशा झाल्यासारखी दिसली.

"दोनच," मी म्हणालो आणि तास संपवला. घंटा अजून व्हायची होती.

मला दोन अंशांनी सुटका मिळेल असं वाटलं होतं. दोन अंशांनी कोण पडतं? घरी येऊन मी त्या वळणाचा हिशोब केला. त्रिज्या वीस मीटर धरली. वेग मी सगळ्यांना तीस सांगितला होता, म्हणून तीस घातला. वीस अंश आले. वीस अंशांना स्टँड घासत नाही. मग चाळीस घातला, कारण वेग चाळीस होता. बत्तीस आले.

रविवारी मी मोटरसायकल खिडकीपाशी उभी केली, सीटवर आम्हा दोघांच्या जागी तांदळाची दोन पोती बांधली, गजाला दोर बांधून गाडी डावीकडे हळूहळू सोडली आणि स्टँड फरशीला टेकल्यावर ओळंबा धरून कोनमापक लावला. बायको दारात आली.

"तांदूळ कुठे चाललेत?"

"कुठे नाही. मोजतोय."

"पोती हलतायत का?" तिने विचारलं आणि आत गेली.

कोन चौतीसच्या आसपास आला. ओळंब्याच्या सुताने मोजताना एखाद-दोन अंशांची चूक होते, हे मी मुलांना नेहमी सांगतो. त्या दिवशी ते स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. बत्तीस अंश माझ्या वेगाचे होते आणि वरचे दोन माझ्या सल्ल्याचे. ती रस्त्याच्या मानाने जरासुद्धा हलली नव्हती. गाडी खाली गेली, ती ताठ राहिली. मला ती बाहेर गेल्यासारखी वाटली, कारण मी गाडीबरोबर आत गेलो होतो.

मी तिला त्याच दिवशी सांगू शकलो असतो. पण घरात एकटीला सांगून भागणार नव्हतं. खोटं मी हिर्डोशीच्या पडवीत बोललो होतो.

पुढच्या आठवड्यात तिच्या माहेरी जायचं होतं. ती एसटीने गेली. मी तिच्यासोबत एसटीने गेलो आणि चढही तिच्यासोबत चालत चढलो. भाऊ गाडीवरून शेजारून येत होता. "दाजी, तुमीबी हलाय लागला काय?"

जेवणं झाली. सासूबाई चुलीपाशी होत्या, भाऊ पडवीच्या खांबाला टेकून बसला होता, बायको ताटं गोळा करत होती. मी चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि पडवीच्या जमिनीवर तिरकी रेघ काढली.

"आता ह्ये काय, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "सारवली की सकाळी."

"ही गाडी," मी म्हणालो. "डाव्या वळणावरची. हा मी. ही तुमची मुलगी." आणि रेघेच्या वर एक सरळ उभी रेघ काढली.

भावाने वाकून पाहिलं. "ताई तर ताठ हाय."

"ताठच होती. मागचं माणूस गाडीबरोबर वाकलं पाहिजे. ताठ राहिलं तर गाडी उभी राहायला बघते, मग चालवणाऱ्याला ती जास्त दाबावी लागते. स्टँड टेकतं."

"म्हंजे ताई हलली न्हाई, म्हणून पडला तुमी?"

"हो."

"मंग ती हलली आसं का सांगितलं? आनि ताठ बसाय कुणी सांगितलं तिला?"

"मी."

चुलीत लाकूड फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "आन पोरगी वरीसभर चालती हाय." भाऊ खांबाचा टेकू सोडून सरळ बसला. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या गाडीच्या किल्लीकडे.

बायको ताटं हातात घेऊन उभीच होती. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली. "रस्त्यावरच म्हटलं होतं."

"म्हणालीस," मी म्हणालो. मी उठून उभा राहिलो, कारण बसून हे बोलणं बरं दिसलं नसतं. "तू हलली नव्हतीस. मी सांगितलं तशीच बसली होतीस आणि मी सांगितलं ते चूक होतं. वेग तीस नव्हता, चाळीस होता. तुझं मनगट माझ्यामुळे मोडलं, आणि तुझ्या माणसांसमोर मी ते तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं. मला माफ कर."