दोनशे चाळीसचा मॉनिटर

सात रस्ता चौकातल्या दुकानात पहिला मॉनिटर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने तीन मॉनिटर शेजारी लावून प्रत्येकावर विंडो ओढून दाखवली. पहिला साठ हर्ट्झचा, म्हणजे त्यावर चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. तिथे ती अडखळत सरकली. एकशे चव्वेचाळीसवर अलगद गेली. दोनशे चाळीसवर मला वेगळं काहीच दिसलं नाही, तरी मी मान डोलावली.

"रिस्पॉन्स टाइम म्हणजे ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. तो जास्त असला की हलत्या चित्रामागं सावली राहते," तो म्हणाला. "तुमी काम काय करता?"

"चादरींची डिझाइन काढतो."

"मग चादर कुटं पळती? साधा घ्या की."

मला डिवचल्यासारखं झालं. मी दोनशे चाळीसचाच उचलला.

वर्षभर घरी येईल त्याला विंडो ओढून दाखवली, "बघा, किती अलगद!" सगळे हो म्हणाले. परवा भाचीने मॉनिटरचं सेटिंग उघडलं. आकडा पहिल्या दिवसापासून साठवरच होता. तिने तो दोनशे चाळीस केला. विंडो आता खरंच अलगद सरकली.

मला लाज वाटली नाही, आनंदही झाला नाही. मी नव्या चादरीच्या डिझाइनमधल्या मोराच्या पिसाऱ्यातले ठिपके भरायला घेतले. मोर जागचा हलला नाही.